नकाराचा गठ्ठा नसलेली छाननी: वैद्यकीय मदत समितीला आलेल्या एका पत्राचे प्रकरण

हे प्रकरण पुण्यातील एका सार्वजनिक न्यासाच्या वैद्यकीय मदत समितीचे आहे. या समितीचा चिटणीस म्हणून मी त्यात सहभागी होतो. न्यासाचे नाव येथे दिलेले नाही. अर्जदारांची ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील आणि समितीचे आकडे थोडे बदलले आहेत. प्रश्नाचे स्वरूप मात्र जसेच्या तसे ठेवले आहे.

समितीकडे दरमहा साधारण अडीच लाख रुपये वाटपासाठी येत आणि अर्ज येत पस्तीस ते चाळीस. एका अर्जाला बहुतेक दहा ते पंचवीस हजारांची मदत मिळे, आणि धनादेश नेहमी रुग्णालयाच्या नावाने निघे. अर्जासोबत रुग्णालयाचे शिक्क्यानिशी अंदाजपत्रक, शिधापत्रिका, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शक्य असल्यास ओळखीच्या माणसाचे शिफारसपत्र घेतले जाई. दुसऱ्या रविवारी बैठक होई. मधल्या काळात तातडीचा अर्ज आला, तर दोन सदस्य फोनवर बोलून निर्णय घेत. या पद्धतीत कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण पुढे आलेले पत्र हेतूबद्दल नव्हतेच.

पत्र लिहिणाऱ्या ताई एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या होत्या. अर्जांची नोंदवही नीट लावून देण्यासाठी त्या आठवड्यातून दोन दिवस येत. जुन्या वर्षभराच्या नोंदी तक्त्यात उतरवताना त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आलेल्या अर्जाला मदत मिळण्याची शक्यता दुसऱ्या पंधरवड्यातल्या अर्जापेक्षा खूपच जास्त होती, कारण वीस तारखेच्या सुमारास पैसे संपत आणि मागून आलेले अर्ज ‘पुढील महिन्यात पाहू’ या शेऱ्यावर राहत. दुसरी अशी, की शिफारस असलेले अर्ज बिनशिफारशीच्या अर्जांपेक्षा गरजेने मोठे होते असे कागदांवरून दिसत नव्हते, तरीही ते पुढे सरकत, कारण त्यांच्यासाठी कोणीतरी वारंवार फोन करत असे.

पत्रातील प्रस्ताव

‘मा. अध्यक्ष आणि सदस्य, सप्रेम नमस्कार,’ अशी सुरुवात करून ताईंनी चार पानी पत्र दिले. त्यातील मुख्य भाग असा होता:

‘आपण प्रत्येक अर्ज मन लावून वाचतो, परंतु चाळीसावा अर्ज वाचताना पहिला अर्ज कोणत्या मापाने मोजला होता हे आपल्या लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येक अर्जाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि उत्तरांवरून अर्ज कोणत्या गठ्ठ्यात जाईल हे आधी ठरलेल्या लेखी नियमांनी ठरावे, अशी माझी विनंती आहे. मात्र या नियमांना अर्ज नाकारण्याचा अधिकार नसावा. नियमाने अर्ज पुढे घ्यावा, थांबवून माहिती मागावी किंवा दुसऱ्या हक्काकडे वळवावा. नकार द्यायचा असेल तर तो माणसाने, कारण लिहून आणि सही करून द्यावा.’

प्रश्न तीनच होते. हा खर्च अन्य एखाद्या योजनेतून किंवा हक्कातून भागतो का; तो वजा जाता उरणारा तुटवडा कुटुंबाच्या मिळकतीच्या मानाने किती आहे; आणि उपचार किती दिवसांत व्हायला हवा असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. त्यांच्या उत्तरांवरून तीन गठ्ठे व्हायचे: ‘मंजुरीसाठी तयार’, ‘विचारून घ्यावे’ आणि ‘अन्यत्र हक्क आहे, सोबत करावी’. चौथा गठ्ठा नव्हता. एका सदस्याने पहिल्याच वाचनात विचारले, ‘नामंजुरांचा गठ्ठा कुठे आहे, ताई?’ त्यावर त्यांनी सांगितले की तो मुद्दाम ठेवलेला नाही, कारण बँकेत असताना त्यांनी एक गोष्ट अनेकदा पाहिली होती: नियमाने बाजूला पडलेली फाईल पुन्हा कोणीच उघडत नाही, आणि त्यामुळे तो नियम चुकीचा होता हे कळण्याचा मार्गच बंद होतो. ज्याला कर्ज दिले त्याने ते बुडवले तर चूक दिसते. ज्याला दिले नाही तो फेडू शकला असता का, हे कोणालाच कळत नाही. मदतीच्या अर्जांनाही हेच लागू होते, आणि संपूर्ण प्रस्तावाचा पाया मला तरी हाच वाटतो.

पहिला प्रश्न आपल्या राज्यात महत्त्वाचा आहे, कारण अनेक अर्जदारांना स्वतःचे हक्क ठाऊक नसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे होते. ते आता पाच लाखांचे झाले आहे आणि योजना केवळ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती राहिलेली नाही. शिवाय 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी देयकांच्या 2 टक्के रक्कम स्वतंत्र निधीत जमा करावी लागते. या दोन्ही दारांवर न जाता थेट समितीकडे आलेल्या अर्जाला आम्ही वीस हजार दिले, तर दोन लाखांचा हक्क असलेल्या माणसाला आम्ही वीस हजारांत वाटेला लावतो आणि ज्याला दुसरे दार नाही त्याचे वीस हजारही खर्च करतो. म्हणून ‘सोबत करावी’ या शब्दांना पत्रात वजन होते. स्वयंसेवकाने अर्जदाराबरोबर रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत जायचे, आणि तेथून लेखी किंवा तोंडी नकार मिळाला तर अर्ज त्याच्या मूळ तारखेनेच परत घ्यायचा, असे त्यात लिहिले होते. परतलेला अर्ज रांगेच्या शेवटी जाऊ नये, ही लहानशी तरतूद पुढे फार उपयोगी ठरली.

उत्पन्नाच्या दाखल्याची अडचण

दुसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक चर्चा झाली. समितीच्या अनेक सदस्यांचे मत असे, की उत्पन्नाची एक मर्यादा ठरवावी आणि विषय मिटवावा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णासाठी वार्षिक 1,80,000 रुपयांची मर्यादा आहे, तीच आपण घ्यावी. ताईंनी याला थेट विरोध केला नाही. त्यांनी जुन्या नोंदवहीतील दोन अर्ज शेजारी ठेवले.

पहिला अर्ज एका सोसायटीत सुरक्षारक्षक असलेल्या गृहस्थांचा. पगाराची चिठ्ठी दरमहा 16,500 रुपयांची, म्हणजे वर्षाला 1,98,000. घरात सहा माणसे, खोली भाड्याची, आणि वडिलांच्या आजारपणासाठी पत्नीचे दागिने आधीच तारण ठेवलेले. त्याची पावती अर्जाला जोडलेली होती. दुसरा अर्ज उपनगरातील एका दुकानदाराचा. तहसीलदाराच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न 72,000 रुपये, घरात तिघे, घर स्वतःचे. मर्यादेचा नियम लावला तर सुरक्षारक्षक बाहेर जातो आणि दुकानदार आत येतो.

दाखला खोटा आहे असे ताईंनी म्हटले नाही, आणि ते म्हणण्याचे कारणही नव्हते. त्यांचा मुद्दा असा, की ज्याची मिळकत महिन्याच्या महिन्याला कागदावर उतरते त्याचा आकडा मोजलेला असतो, आणि ज्याची उतरत नाही त्याचा आकडा तलाठ्याच्या अहवालावरून आणि स्वतःच्या सांगण्यावरून अंदाजाने ठरलेला असतो; हे दोन्ही आकडे एकाच रेषेवर मांडले की पगाराची चिठ्ठी असणाऱ्या गरिबाला तिचाच दंड भरावा लागतो. समितीने ज्यांना वर्षानुवर्षे ‘नोकरदार’ म्हणून मागे ठेवले, त्यांत कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट त्या दिवशी बैठकीत पहिल्यांदा बोलली गेली.

उपाय म्हणून पत्रात दोन गोष्टी सुचवल्या होत्या. एक, केवळ उत्पन्न न पाहता तुटवडा किती महिन्यांच्या कौटुंबिक मिळकतीइतका आहे ते पाहावे, आणि जोडीला डोळ्यांना दिसणाऱ्या तीन बाबी विचाराव्यात: घरात खाणारी माणसे किती, घर भाड्याचे आहे का, आणि याच आजारासाठी आधी कर्ज किंवा तारण झाले आहे का. दुसरी, मर्यादेच्या वर-खाली 10 टक्क्यांचा पट्टा, म्हणजे 1,62,000 ते 1,98,000, हा नियमाच्या निर्णयाबाहेर ठेवावा आणि त्यातील प्रत्येक अर्ज माणसाने वाचावा. सुरक्षारक्षकाचे उत्पन्न या पट्ट्याच्या नेमके टोकावर होते. एका सदस्याने साहजिकच विचारले, की त्याचा पगार वर्षाला पाचशे रुपयांनी जास्त असता तर काय झाले असते. ताईंचे उत्तर मला पटले: रेघ कुठेही ओढली तरी तिला कड असणारच, म्हणून कडेपलीकडे गेल्याने अर्ज कोण वाचतो आणि केव्हा वाचतो एवढेच बदलावे, उत्तर बदलू नये. पट्ट्याच्या वरच्या अर्जालाही ‘विचारून घ्यावे’ हाच गठ्ठा होता. फक्त तो तातडीनंतर वाचला जाणार होता.

आडनाव, शिफारस आणि जुन्या अर्जांवरची चाचणी

निर्णयासाठी सदस्यांसमोर येणाऱ्या एकपानी सारांशात अर्जदाराचे नाव, आडनाव, गाव आणि शिफारस करणाऱ्याचे नाव नसावे, असे पत्रात होते. आपल्याकडे आडनाव आणि गाव यांवरून जात कळते किंवा कळल्यासारखे वाटते, आणि त्याचा परिणाम आपल्यावर होत नाही असे प्रत्येकालाच वाटत असते. ही माहिती नष्ट करायची नव्हती. ती वेगळ्या तक्त्यात ठेवून निर्णय झाल्यानंतरच उघडायची होती, म्हणजे तिमाहीला कोणत्या गटाला किती मदत मिळाली हे पाहता येईल. नाव लपवल्याने पक्षपात संपतो असा समज होऊ नये म्हणून ताईंनी एक वाक्य जोडले होते, ‘प्रश्नच जर एखाद्या गटाला अडवणारा असेल, तर नाव झाकून काही साधणार नाही.’ या वाक्याचा अर्थ आम्हाला चाचणीत कळला.

नियम लागू करण्यापूर्वी ते जुन्या 60 अर्जांवर लावून पाहावेत, अशी अट त्यांनीच घातली होती. दोन स्वयंसेवकांनी एकमेकांना न विचारता प्रत्येक अर्ज नियमांनुसार गठ्ठ्यात टाकला. जिथे दोघांचे गठ्ठे वेगळे आले, तिथे चूक माणसाची न धरता नियमाच्या शब्दांची धरली गेली. ‘नियमित कमावणारी व्यक्ती’ हा शब्दप्रयोग असा उडाला, कारण हंगामी ऊसतोड कामगाराला एकाने नियमित धरले आणि दुसऱ्याने नाही. त्याऐवजी ‘मागील बारा महिन्यांत किती महिने काम मिळाले’ असा प्रश्न आला.

चाचणीतील एक अर्ज येथे सविस्तर सांगितला पाहिजे. बीड जिल्ह्यातील एक बाई. नवऱ्याने टाकलेली, पुण्यात घरकाम करणारी, स्तनात गाठ आढळलेली. शिधापत्रिकेवर तिचे नाव सासऱ्याच्या कुटुंबात होते आणि ती पत्रिका सासरी होती. उत्पन्नाचा दाखला नव्हता, कारण ज्या पत्त्यावर तो मिळावा तिथे ती राहत नव्हती. मागणी 14,000 रुपयांची होती, निदानासाठीच्या तपासण्यांची. वर्षापूर्वी समितीने हा अर्ज ‘कागदपत्रे अपूर्ण’ या शेऱ्यावर परत केला होता. नव्या नियमांच्या पहिल्या मसुद्यानेही जवळजवळ तेच केले: पहिल्या प्रश्नावर तिला ‘अन्यत्र हक्क आहे’ या गठ्ठ्यात टाकले, कारण कर्करोगाचे उपचार शासकीय योजनेत आहेत. परंतु तिची मागणी उपचाराची नव्हतीच. गाठ कर्करोगाची आहे हे ठरेपर्यंतचा खर्च तिला स्वतः करावा लागत होता, आणि योजनेचे दार तो खर्च झाल्यावर उघडणार होते. म्हणजे नियम ज्या दाराकडे बोट दाखवत होता, त्याची किल्ली मिळवण्यासाठीच ती पैसे मागत होती.

या एका अर्जाने दोन दुरुस्त्या झाल्या. पहिला प्रश्न ‘हा आजार योजनेत आहे का’ असा न राहता ‘मागितलेला हा विशिष्ट खर्च योजनेतून आज भागतो का’ असा झाला. आणि कागद नसणे हे ‘नाही’ असे उत्तर न धरता ‘माहीत नाही’ असे धरायचे ठरले. अशा अर्जाला दाखल्याऐवजी कामाच्या ठिकाणच्या व्यक्तीचे पत्र, अंगणवाडी सेविकेची किंवा वैद्यकीय समाजसेवकाची लेखी नोंद चालेल, आणि तीही नसेल तर स्वयंसेवकाची गृहभेट. ताईंनी त्यावर आणखी एक बारकावा सुचवला: गृहभेट सर्वांना नको, कारण घरात फ्रिज आहे की नाही हे पाहणारा पाहुणा गरिबाला अपमानास्पद वाटतो. ती फक्त अर्जदाराने स्वतः निवडली तरच व्हावी.

आक्षेप आणि तडजोड

ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप ‘नियम आले की माणुसकी जाते’ असा होता. तो भावनिक वाटला तरी पोकळ नव्हता. त्यांनी उदाहरण दिले ते एका वृद्ध गृहस्थांचे, ज्यांची परिस्थिती कोणत्याच रकान्यात बसत नव्हती, पण समोर बसून बोलल्यावर दहा मिनिटांत कळली होती. त्यावर ठरले असे, की दर महिन्याच्या रकमेपैकी पाचवा हिस्सा नियमांबाहेरच्या विवेकासाठी ठेवावा, परंतु त्यातून दिलेल्या प्रत्येक मदतीचे कारण तीन-चार ओळींत लिहावे. तिमाहीत तेच कारण पुन्हा पुन्हा आले, तर त्याचा नियम करावा. विवेकालाही नोंद ठेवावी लागणार म्हटल्यावर विरोध बराच मवाळ झाला, हे मी थोड्या विनोदाने नोंदवतो.

दुसरा आक्षेप असा, की प्रश्न कळले की लोक उत्तरे तयार करून आणतील. ताईंचे म्हणणे असे, की प्रश्न लपवले तरी ते शिफारस करणाऱ्यांना कळतातच. लपवण्याचा तोटा फक्त एकट्याने आलेल्याला होतो. म्हणून प्रश्न आणि गठ्ठ्यांची नावे कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली गेली, मात्र कोणत्या उत्तराला किती महत्त्व हे लावले नाही. हा मध्यममार्ग मला अजूनही पूर्ण समाधानकारक वाटत नाही.

नकाराची पद्धत पत्रातल्याप्रमाणेच स्वीकारली: दोन सदस्यांच्या सह्या, एका वाक्यात कारण, अर्जदाराला समजेल अशा मराठीत, आणि पंधरा दिवसांत तिसऱ्या सदस्याकडे फेरविचाराची मुभा. स्वतःच्या नात्यातल्या किंवा ओळखीच्या अर्जावर सदस्याने सही करायची नाही, हेही आले. अर्जांचे वैद्यकीय कागद सदस्यांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकण्याची सवय त्याच बैठकीत बंद झाली.

लागू झाल्यावर काय बिघडले

पहिल्या तीन महिन्यांत ‘मंजुरीसाठी तयार’ हा गठ्ठा अपेक्षेप्रमाणे चालला. अडचण ‘विचारून घ्यावे’ या गठ्ठ्यात आली. माहिती मागण्यासाठी फोन करणारे स्वयंसेवक दोनच होते, आणि फोन न उचललेला अर्ज तिथेच राहू लागला. म्हणजे ज्याला नकार म्हणायचे नाही असे ठरले होते, तो वेगळ्या नावाने नकारच होऊ लागला. हे लक्षात आले ते मासिक तपासणीमुळे. पत्रातील अटीनुसार दरमहा चिठ्ठ्या टाकून मागे पडलेल्या अर्जांतले पाच उचलायचे आणि ज्यांनी ते आधी पाहिले नाहीत अशा सदस्यांनी वाचायचे होते. दुसऱ्या महिन्याच्या पाचांपैकी तीन अर्ज परप्रांतीय बांधकाम मजुरांचे निघाले. त्यांचे फोन ठेकेदाराच्या क्रमांकावर होते, आणि पहिल्या प्रश्नाने त्यांना राज्याच्या योजनेकडे वळवले होते, जिथे महाराष्ट्राची शिधापत्रिका नसल्याने त्यांना परत पाठवले गेले होते. त्यांच्यापैकी एकाकडे मूळ राज्यातले आयुष्मान कार्ड होते, जे येथेही चालते. ते त्याला कोणी विचारलेच नव्हते. मूळ तारखेने परत घेण्याच्या तरतुदीमुळे त्यांची रांग गेली नाही. त्यानंतर कोणताही अर्ज दहा दिवसांपेक्षा जास्त ‘विचारून घ्यावे’मध्ये राहिला, तर तो उपलब्ध माहितीवरच सदस्यांपुढे यावा असे ठरले, आणि फोनसाठी हिंदी बोलणारा तिसरा स्वयंसेवक घेतला गेला.

तिमाही गटवार तक्ता काढताना एक मोह टाळावा लागला. एकट्या स्त्रीच्या नावावरचे अर्ज नऊच होते आणि त्यांतील चारांना मदत मिळाली होती; ‘केवळ 44 टक्के’ असे म्हणून एका सदस्याने लगेच नियम बदलण्याची सूचना केली. परंतु आणखी एकच अर्ज मंजूर झाला असता तर तोच आकडा 56 टक्के झाला असता. इतक्या थोड्या अर्जांत टक्केवारीवरून निष्कर्ष काढण्याऐवजी मदत न मिळालेले पाचही अर्ज ओळीने वाचावेत, असे ताईंनी सुचवले. वाचल्यावर दोन अर्ज योजनेतून भागलेले निघाले, दोन उपचार पुढे ढकलले गेल्याने थांबलेले, आणि एकात मात्र रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर शिक्का नसल्याने स्वयंसेवकाने तो बाजूला ठेवला होता. शिक्क्याची अट त्या दिवशी काढून टाकली. आता अंदाजपत्रक रुग्णालयाला फोन करून ताडून पाहिले जाते.

महिन्याअखेरच्या टंचाईचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. रक्कम आता आठवडावार वाटली जाते, त्यामुळे वीस तारखेनंतर आलेल्या अर्जालाही काही उरते. परंतु एकाच आठवड्यात सारख्या गरजेचे पाच अर्ज आले आणि पैसे तिघांपुरतेच असले, तर काय करावे? पत्रात ताईंनी चिठ्ठी टाकण्याचा पर्याय सुचवला आहे, कारण सारख्यांत निवड करण्याची आणखी न्याय्य रीत त्यांना सुचत नाही. आजारी माणसाच्या नावाची चिठ्ठी काढायला समितीतले कोणीही तयार नाही, मीही नाही. सध्या आम्ही तिघांची रक्कम पाचांत विभागतो, आणि त्यामुळे कधी कधी एकाचीही शस्त्रक्रिया पूर्ण होत नाही. हा मुद्दा येत्या दुसऱ्या रविवारच्या विषयपत्रिकेवर पुन्हा घेतला आहे.